विराणी लिहिताना: शृंगाराचं रूपक कुठवर न्यायचं आणि कुठे थांबवायचं

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. त्याआधी काही आठवडे पेठांमधली भजनी मंडळं नव्या रचना शोधायला लागतात. अशा वेळी हातात येणाऱ्या नव्या विराण्या, म्हणजे देवाच्या विरहात व्याकूळ झालेल्या स्त्रीच्या तोंडी घातलेल्या रचना, वाचल्या की बहुतेकींत एकच दोष दिसतो. लिहिणाऱ्याच्या मनात विठ्ठल असतो, पण कागदावर प्रियकर उतरलेला असतो. मग कुणीतरी सुचवतं, की गाण्याआधी दोन वाक्यांत ‘हा जीवाचा शिवासाठीचा विरह आहे’ असं निवेदन करू. या उपायाने काही साधत नाही. निवेदन विसरलं जातं आणि रचना तोंडात राहते, म्हणून अर्थाची राखण रचनेच्या आतच व्हायला हवी.

ती कशी करायची, हे इथे क्रमाने सांगतो. एक कच्चा खर्डा घेऊन तो शेवटपर्यंत दुरुस्त करत जाऊ. छंद मोठ्या अभंगाचा, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. खर्डा असा:

साजणा तुझिया । मिठीची ही ओढ ।
जिवालागी खोड । जडलीसे ॥

रात सरली रे । सेज ही सुकली ।
भूल कां पडली । तुला माझी ॥

ओठांचे अमृत । पाजशील कधी ।
मागे ना औषधी । दुजी काही ॥

एक होऊ दोघे । विरू दे हा देह ।
सरू दे संदेह । मीलनात ॥

अक्षरं बरोबर आहेत, यमकं जुळली आहेत, चालही सहज बसेल. लिहिणाऱ्याला विचारलं तर तो शेवटच्या ‘देह विरणं’कडे बोट दाखवेल आणि हेच अद्वैत आहे म्हणेल. ऐकणाऱ्याला मात्र तिथे अद्वैत शोधायचं काही कारण मिळालेलं नाही.

पायरी १: आधी अवस्था गद्यात लिहा

प्रतिमा सुचण्याच्या आधी एक काम उरकायचं. ज्या आध्यात्मिक अवस्थेबद्दल लिहायचं आहे, ती साध्या गद्यात एका-दोन वाक्यांत लिहून काढायची. त्या वाक्यात प्रियकर, सखी, मिठी, रात्र यांपैकी एकही शब्द नको. ‘देवाची ओढ लागली आहे’ हे वाक्यही चालणार नाही, कारण ते कुणाचंही असू शकतं. ओढ कशी लागली, कशात अडली आणि रोजच्या दिवसात ती कुठे जाणवते, ते यायला हवं.

आपल्या खर्ड्यासाठी हे वाक्य काढायला गेलं की अडचण कळते, कारण खर्ड्यामागे अशी अवस्थाच नाही. बरंच खोदल्यावर निघालं ते एवढं: ‘पूर्वी नाम घेताना गोडी वाटायची. आता नाम कोरडं वाटतं. तरी सोडवत नाही.’

हा खरा विरह आहे. साधना करणाऱ्या बऱ्याच जणांना तो ओळखीचा असतो. आणि त्यात मिठीची ओढ कुठेही नाही. इथे दुःख आहे ते कोरडेपणाचं. म्हणजे खर्ड्यातल्या ओल्या, मधाळ प्रतिमा मुळातच चुकीच्या अवस्थेच्या होत्या. त्यांना प्रेमगीत समजलं जाणं स्वाभाविक होतं, कारण त्या प्रेमगीतातूनच उचललेल्या होत्या.

*इशारा:* हे गद्य वाक्य लिहून होईपर्यंत एकही ओळ रचू नका. उलट क्रमाने, म्हणजे आधी गोड ओळ आणि मग तिला अध्यात्माचा अर्थ, असं लिहिलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या मलमपट्टीच्या होतात.

पायरी २: बोलतंय कोण आणि ऐकतंय कोण, हे ठरवा

खर्ड्यात बोलणारी थेट ‘साजणा’शी बोलते. दोन माणसांच्या खासगी बोलण्याशेजारी श्रोता उभा राहतो आणि चोरून ऐकल्यासारखं वाटतं. गैरसमजाचं निम्मं मूळ इथेच असतं.

जुन्या विराण्यांत बोलण्याची रचना बहुधा वेगळी असते. ज्ञानदेवांची ‘घनु वाजे घुणघुणा’ घ्या. तिथली विरहिणी कान्ह्याशी बोलत नाही, ती भोवतीच्या बायकांना सांगते: ‘वेगीं भेटवा कां’. पुढे त्यांना ‘तुम्ही बाइयांनो’ अशी हाकही आहे. प्रिय तृतीयपुरुषी राहतो, म्हणजे समोर नाहीच. समोर आहे ती ऐकणारी, आणि श्रोता आपोआप तिच्या जागी जाऊन बसतो. आता तो चोरून ऐकत नसतो, त्याला विश्वासात घेतलेलं असतं.

म्हणून पहिला बदल: ‘साजणा’ काढायचा आणि बोलणं सखीला सांगायचं. ‘सये’ ही दोन अक्षरं पुरतात.

थेट हाक कधीच मारू नये असं नाही. ‘रंगा येईं वो येईं’ ही थेट हाकच आहे. पण तिथे पहिलाच शब्द देवाचं नाव आहे, आणि लगेच तोच रंग ‘विठाई’, ‘कृष्णाई’ होतो, पुढच्या कडव्यात ‘जगत्रयजननी’ होतो. ज्याला आपण सखा समजत होतो तो आई झाला की प्रेमगीताचा अर्थ टिकतच नाही. अशी उडी मारण्याची तयारी असेल तर थेट बोला, नाहीतर सखी बरी.

*तपासा:* बोलणाऱ्याचं लिंग शेवटपर्यंत एकच आहे ना? पुरुष लिहीत असला की ‘घेते’, ‘गेले’ अशी सुरुवात होते आणि तिसऱ्या कडव्यात हळूच ‘गेलो’ येतो. मराठीत क्रियापद लगेच बोलतं. एका ‘गेलो’ने विरहिणी उठून जाते आणि तिच्या जागी कवी दिसायला लागतो.

पायरी ३: नाव पहिल्याच कडव्यात आणा

प्रिय कोण हे शेवटी उलगडायचं, असा मोह फार होतो. कोड्यासारखी रचना करायची आणि अखेरीस ‘विठ्ठला’ म्हणून टाळ्या घ्यायच्या. अशा रचनेत पहिली तीन कडवी श्रोता प्रेमगीतच ऐकतो आणि चौथ्यात त्याला सांगितलं जातं की तुझी चूक झाली. ती चूक त्याची नसते.

‘घनु वाजे’च्या पहिल्याच कडव्यात कान्ह्याला ‘भवतारकु’ म्हटलं आहे. कान्हा हे नाव एकटं पुरलं नसतं, कारण ते प्रेमगीतांतही चालतं. ‘भवतारकु’ मात्र कुठल्याही माणसाला लागू पडत नाही. पुढे चंदन, चोळी, सेज असं सगळं येतं, पण तोवर कानाला दिशा मिळालेली असते.

आपल्या पहिल्या कडव्यात आता तीन गोष्टी बसवायच्या आहेत: सखी, नामाचा कोरडेपणा आणि विठ्ठल. असं जमलं:

सये, नाम घेते । ओठी ये कोरडे ।
विठो कुणीकडे । गुंतलासे ॥

ओठ इथेही आहेत. खर्ड्यातले ओठ मात्र चुंबनाचे होते आणि हे नामाचे आहेत. अवयव तोच राहून त्याचं काम बदललं. ‘गुंतलासे’मध्ये रुसवाही शिल्लक राहिला, आणि तो राहायलाच हवा. तो गेला तर विराणी उरणार नाही, प्रार्थना होईल.

*इशारा:* ‘जीवात्मा’, ‘परमात्मा’, ‘ब्रह्म’ हे शब्द कुंपण म्हणून वापरू नका. त्यांनी अर्थ सांगितला जातो, पण रूपक तिथेच मरतं. नाव वेगळं आणि व्याख्या वेगळी. विराणीला नाव पुरतं.

पायरी ४: लावणीचे शब्द वेगळे काढा

महाराष्ट्रातल्या कानाची एक अडचण आहे. गौळण संतांनीही लिहिली आणि तमाशातही गण झाला की गौळणच येते, मग बतावणी, लावणी, वग. त्यामुळे कृष्ण, गवळण, वाट अडवणं हा सगळा ऐवज दोन्हीकडे सामाईक आहे. पुण्यातल्या श्रोत्यांत कीर्तनाला नेमाने बसणारे असतात तसे लावणीचे दर्दीही असतात, आणि कितीदा तरी तो एकच माणूस असतो. त्याच्या कानाला घराणं कळतं ते कथेपेक्षा शब्दांवरून.

म्हणून खर्डा पुढे ठेवून प्रत्येक संबोधनाखाली आणि विशेषणाखाली रेघ ओढायची आणि विचारायचं, की हा शब्द मी शेवटचा कुठे ऐकला? साजणा, राया, सख्या रे, दिलबर, जवानी, नखरा ही एका बाजूची मंडळी. कान्हा, वनमाळी, गे माये, वेध, शकुन, भेटी ही दुसऱ्या बाजूची. ‘सखा’ आणि ‘हरि’ दोन्हीकडे फिरतात, त्यांना शेजार पाहून घ्यावं.

पहिल्या यादीतला एकही शब्द येऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण तो आला तर जाणूनबुजून यावा आणि एकदाच यावा. खर्ड्यात ‘साजणा’, ‘मिठी’, ‘मीलन’ असे तिन्ही एकाच सुरात बोलत होते. तिथे विठ्ठलाला जागाच नव्हती.

पायरी ५: देह किती आणायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. काही जण देह सरसकट टाळतात. मग विरहाचा ताप कुठे जाणवतो हेच कळत नाही आणि रचना पाठांतराच्या श्लोकासारखी कोरडी होते. काही जण खर्ड्यासारखे थेट ओठांच्या अमृतापर्यंत जातात.

जुन्या विराण्यांत देह आहे, भरपूर आहे. पण कशासाठी आहे ते नीट पाहा. ‘चंदनाची चोळी माझे सर्व अंग पोळी.’ सुमनांची सेज शीतळ आहे म्हणतात, आणि तीही ‘पोळे आगीसारिखी’. शृंगाराचं सगळं साहित्य मांडलेलं आहे आणि त्यातलं एकही कामी येत नाही. सुख देणारी प्रत्येक वस्तू भाजते. देह इथे भोगाची जागा नाही, उणीव जाणवायची जागा आहे. संयमाची सीमारेषा मी इथेच आखतो: वस्तू आणा, पण तिचं सुख आणू नका. सेज चालेल, सेजेवरचा आनंद नको. भेट मागा, भेटीचं वर्णन करू नका.

या कसोटीवर खर्ड्याचं तिसरं कडवं, ओठांच्या अमृताचं, सगळंच्या सगळं काढावं लागतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. दुसऱ्या कडव्यात ‘सेज ही सुकली’ आहे. इथे थांबून पाहण्यासारखं आहे, कारण सुकणं आपल्या कोरडेपणाच्या अवस्थेशी जुळतं. पण रात्र सरली आणि सेज सुकली एवढंच म्हटलं तर ऐकणारा खोलीतच अडकतो. सेजेचा उल्लेख ठेवून तिच्यावरून पुढे जायचं ठरवलं:

सेज राहो, सये । तुळस सुकली ।
वाट ना चुकली । पंढरीची ॥

‘सेज राहो’ म्हणजे ती गोष्टच बाजूला ठेव, त्याहून मोठं काही सुकलं आहे. खोलीतून अंगणात आणि अंगणातून पंढरीच्या वाटेवर असा प्रवास एका कडव्यात झाला. शिवाय गद्य वाक्यातला ‘तरी सोडवत नाही’ हा भाग ‘वाट ना चुकली’मध्ये आला, तो खर्ड्यात कुठेच नव्हता. ज्ञानदेवांची भाजणारी सेज इथे उचलून वापरता आली असती, पण ती तापाची प्रतिमा आहे आणि आपली अवस्था तापाची नाही. उसनी प्रतिमा कितीही थोर असली तरी दुसऱ्याच्या अवस्थेची असते.

*धीट शब्द वापरायचा असेल तर*

संयम म्हणजे मवाळपणा असा समज करून घेऊ नका. तुकोबांच्या विराण्यांत विरहिणी म्हणते: ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी । परि हा वनमाळी न विसंबे’. जनाबाई तर ‘मी झाले वेसवा’ म्हणते. याहून धीट शब्द आजचा कवी लिहिणार नाही. तरी हे अभंग देवळात, बायका-मुलांसमोर म्हटले जातात आणि कुणाला वावगं वाटत नाही. त्याचं कारण बांधणीत आहे.

यमकाची जागा पाहा. ‘शिंदळी’चं यमक ‘वनमाळी’शी आहे. जनाबाईच्या ओळीत ‘वेसवा’चं यमक ‘केशवा’शी: ‘जनी म्हणे देवा मी झाले वेसवा । रिघाले केशवा घर तुझें’. धीट शब्द उच्चारला की पुढच्याच चरणात, त्याच नादात, देवाचं नाव येतं. गाणाऱ्याला मध्ये थांबताच येत नाही. ओळ कुठेही तोडली तरी यमक नाव ओढून आणतं. आणखी एक गोष्ट: दोन्हीकडे धीट शब्द लोकांच्या दूषणाचा आहे, भोगाचा नाही. तो नाव घालवल्याचं सांगतो, सुख मिळवल्याचं नाही.

तुकोबांच्याच ‘आधिल्या भ्रतारें काम नव्हे पुरा’ या विराणीत कुंपण लांब आहे. पहिला नवरा म्हणजे संसार, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं लागतं, आणि ‘रातलें अनंता’ हे शेवटच्या चरणांत येतं. परंपरेत मुरलेल्या श्रोत्यापुढे ते चालतं. आज नव्याने लिहिणाऱ्याने हा धोका घेऊ नये असं माझं मत आहे, कारण ऐकणाऱ्याला काय ठाऊक असेल याची खात्री देता येत नाही.

काढून टाकलेल्या तिसऱ्या कडव्याच्या जागी ही बांधणी वापरून पाहू:

लोक म्हणोत गे । मज वाया गेली ।
विठ्ठलाने नेली । कोण जाणे ॥

‘वाया गेली’ हा पेठेतला, वाड्यातला, आजही कानावर येणारा शेरा आहे. त्याला ‘नेली’चं यमक मिळालं आणि नेणाऱ्याचं नाव त्याच चरणात आलं.

*तपासा:* हे एकच कडवं कुणी फोनवर कापून पुढे पाठवलं तर अर्थ शाबूत राहील का? सगळ्यात धीट कडव्याला ही परीक्षा द्यायलाच लावा. बाकीच्यांना सूट चालेल.

पायरी ६: शेवटच्या कडव्यात मीलन लिहू नका, ‘मी’ काय झाली ते लिहा

खर्ड्याचं शेवटचं कडवं ‘एक होऊ दोघे’ म्हणतं. दोघांनी एक होणं हे लग्नाच्या मंगलाष्टकांतही असतं, त्याने अद्वैत सिद्ध होत नाही. प्रेमगीत आणि विराणी इथेच वेगळ्या होतात. प्रेमगीताच्या शेवटी दोघं एकत्र येतात, किंवा येत नाहीत. विराणीच्या शेवटी शोधणारीच जाग्यावर सापडत नाही.

‘घनु वाजे’चा शेवट असाच आहे: ‘दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें । बापरखुमादेवीवरें विठ्ठलें मज ऐसें केलें’. भेट झाली असं कुठेही म्हटलेलं नाही. आरसा आहे, पाहणं आहे, आणि पाहणारीचं रूप नाही. एवढ्या एका गोष्टीने मागची चोळी, सेज, कोकिळा या सगळ्यांचा अर्थ मागे जाऊन बदलतो. कुठल्याही माणसाच्या विरहात आरशातलं रूप नाहीसं होत नाही.

आपल्या रचनेत आरसा पुन्हा आणणं म्हणजे नक्कल झाली असती. गद्य वाक्याकडे परत गेलो. कोरडं नाम, तरी न सुटणं. मग न सुटणं ही कुणाची करणी? तिथून हे निघालं:

शोधू गेले तेव्हा । शोधणारी नाही ।
कोरडेपणाही । त्याचा होता ॥

गोडी परत आली असं लिहिलेलं नाही, हे मुद्दाम. तसं लिहिलं असतं तर रुसवा सुटलेल्या जोडप्याची गोष्ट झाली असती.

*इशारा:* शेवटी ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’ किंवा ‘बापरखुमादेवीवरु’ अशी संतांची नाममुद्रा कधीही जोडू नका. अर्थ सुरक्षित होईल या भावनेने काही जण तसं करतात. मग रचना त्या संताच्या नावावर फिरू लागते आणि ते निस्तरता येत नाही. स्वतःची मुद्रा घाला, नाहीतर मुद्रेविना ठेवा.

पायरी ७: ध्रुपद आणि चाल ठरवताना पुन्हा तपासा

कागदावर नीट असलेली विराणी गाताना बिघडू शकते. भजनात ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येतं, म्हणून घरी जाताना लोकांच्या ओठांवर तेच असतं. ज्या कडव्यात नाव आहे तेच ध्रुपद करायचं. आपल्या रचनेत पहिलं कडवं त्यासाठीच बांधलं आहे. एका बैठकीत गाणाऱ्याने चालीला गोड लागतं म्हणून दुसऱ्या कडव्यातलं ‘सेज राहो, सये’ एवढंच धरून ठेवलं होतं आणि तेच तो घोळवत होता. तुळस आणि पंढरी दोन्ही मागे पडली आणि सभेत मिस्कील हसू उमटलं. गाणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण ओळ अर्धी तोडून आळवली की कुंपण तुटतं.

ठेक्याचंही तसंच. आठ मात्रांचा भजनी ठेका आणि मध्यम लय इथे बरी. लय चढवली, ढोलकीच्या अंगाने तोडे घेतले की आपण मागे बाजूला काढलेले लावणीचे शब्द चालीतून परत येतात. ‘गे’ आणि ‘सये’ या हाकांवर लाडिक हरकत घेऊ नये, एवढं गाणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं. भैरवी घ्यावी की आणखी काही, हा प्रश्न गाणाऱ्यावर सोडावा, त्याने अर्थ बिघडत नाही.

पायरी ८: अनोळखी कानावर वाचून पाहा

शेवटी दोन कसोट्या घरी करायच्या आणि एक बाहेर.

पहिली: प्रियाच्या नावाच्या जागी एखाद्या पुरुषाचं नाव घालून संपूर्ण रचना वाचा. काहीच अडलं नाही तर रूपक सुटं आहे, पायरी ३ आणि ६ पुन्हा करा. आपल्या रचनेत ‘नाम घेते’पाशीच ठेच लागते, पंढरीच्या वाटेवर पुन्हा लागते, आणि शेवटच्या कडव्यात पुढे जाताच येत नाही. हवं ते हेच.

दुसरी उलटी: देवाची नावं आणि पंढरी झाकून वाचा. रुसवा, सुकलेलं अंगण, लोकांचं बोलणं असं काही मानवी शिल्लक राहतं का? नसेल राहत तर तुम्ही रूपक वापरलेलंच नाही, प्रवचन लिहिलं आहे. मग पायरी ५ वर जा.

बाहेरची कसोटी म्हणजे दोन माणसांना वाचून दाखवणं. एक माळकरी आणि एक असा, ज्याला वारी फक्त रस्ता बंद असल्यामुळे कळते. प्रस्तावना करायची नाही. वाचून झाल्यावर ‘कशी वाटली?’ विचारायचं नाही, ‘छान’ या उत्तराने काही कळत नाही. विचारायचं: ‘कोण बोलतंय? कुणाला सांगतंय? शेवटी काय झालं?’ माळकरी पहिल्या कडव्यातच विठ्ठल ओळखेल, त्याच्याकडून शिकायचं ते एखादा शब्द परंपरेला खटकतो का एवढंच. खरी परीक्षा दुसऱ्याची. ‘नवऱ्याची वाट पाहणारी बाई’ असं त्याचं उत्तर आलं आणि शेवटाबद्दल त्याला काही सांगता आलं नाही, तर सहावी पायरी कच्ची आहे. ‘देवावर रुसलेली बाई, पण शेवटी ती राहिलीच नाही बहुतेक’ असं काही तो चाचरत म्हणाला, तर काम झालं. त्याला आणखी समजावत बसू नका.

गझलेत हेच करायचं असेल तर

सूफी वळणाची मराठी गझल लिहिणारे पुण्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी दोन फरक. गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. तिथे शेवटच्या कडव्याने मागचा अर्थ फिरवायची सोय नाही, म्हणून राखण त्या दोन ओळींतच करावी लागते आणि रदीफ ध्रुपदासारखी वागते. ‘मिठीत’ अशी रदीफ घेतली की दर शेराला तीच लढाई पुन्हा लढा.

दुसरा फरक क्रियापदाचा. फारसीत सर्वनामाला आणि क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे तिथला प्रिय माणूस की ईश्वर, स्त्री की पुरुष, हे झाकलेलं राहू शकतं. मराठीत ‘आला’ किंवा ‘आली’ म्हणावंच लागतं आणि पडदा उडतो. ज्यांना तो पडदा हवा आहे त्यांनी प्रियाला कर्ता करू नये. ‘तू आलास’ ऐवजी ‘तुझी चाहूल लागली’ म्हटलं की क्रियापद चाहुलीचं होतं आणि प्रियाचं लिंग उघड होत नाही. मात्र असे तीन-चार शेर ओळीने आले की वाक्यं आखडल्यासारखी वाटतात, तेव्हा एखाद्या शेरात सरळ नाव घेऊन मोकळं व्हावं.